द्विमुखी सौर पॅनेल : पाठीवरच्या उजेडाचा हिशेब

गच्चीवर सौर संच बसवू पाहणाऱ्या संस्थेला हल्ली विक्रेता हमखास एक प्रश्न विचारतो : "साधे पॅनेल हवे की बायफेशियल?" पाठोपाठ तो हेही सांगतो की दुसऱ्या प्रकारात मागील बाजूनेही वीज तयार होते आणि त्यामुळे पंचवीस ते तीस टक्के जादा उत्पादन मिळते. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे आपल्या गच्च्यांच्या बाबतीत बहुधा खरे ठरत नाही. ही तफावत कुठून येते, हे समजून घेणे या लेखाचे प्रयोजन आहे.

साध्या पॅनेलमधील सिलिकॉनच्या घटाची पाठ ॲल्युमिनियमच्या अखंड थराने झाकलेली असते आणि तिच्यामागे अपारदर्शक पत्रा असतो. द्विमुखी घटाच्या पाठीवर अखंड थराऐवजी धातूच्या बारीक रेषांची जाळी असते व मागे काच असते, म्हणून तेथे पडणारा उजेडही घटात शिरतो. ही कल्पना नवी नाही. स्पेनमध्ये अंतोनियो लुके यांच्या संशोधनातून 1981 साली असे घट बनवणारा उद्योग उभा राहिला होता. ती सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात मात्र फार उशिरा आली.

मागील बाजू पुढील बाजूइतकी कार्यक्षम नसते. पर्क जातीच्या घटात पाठीची क्षमता पुढच्या बाजूच्या सुमारे 70 टक्के आणि टॉपकॉन जातीत सुमारे 80 टक्के असते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. पण तो वाचून "म्हणजे 80 टक्के जादा वीज" असा अर्थ काढू नये. मागे जेवढा उजेड पोहोचेल, त्याचे रूपांतर किती होईल, एवढेच तो आकडा सांगतो. उजेड किती पोहोचेल, हे पॅनेलवर नव्हे तर आपल्या गच्चीवर अवलंबून असते.

उजेडाचा प्रवास पाहू. भर दुपारी पॅनेलवर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन पडत आहे असे धरा. गच्चीच्या जुन्या सिमेंटच्या पृष्ठभागावरून त्यातले साधारण 250 वॅट परत फिरतात. या परतीच्या प्रमाणाला तंत्रज्ञ अल्बेडो म्हणतात. ओल्या मातीचे किंवा शेवाळलेल्या गच्चीचे अल्बेडो याहून कमी, तर ताज्या पांढऱ्या रंगाचे 60 टक्क्यांहूनही अधिक असते. आता हे 250 वॅट सगळेच पाठीवर पोहोचत नाहीत, कारण पॅनेलच्या नेमकी खाली पॅनेलचीच सावली असते. पाठीला उजेड मिळतो तो मुख्यतः सावलीबाहेरच्या, उन्हातल्या पट्ट्यांवरून. पॅनेल गच्चीपासून मीटर-दीड मीटर उंच आणि रांगांत पुरेसे अंतर असेल, तर पाठीवर सुमारे 90 वॅट पडतात. त्याचे 80 टक्के म्हणजे 72. त्यातून मागच्या लोखंडी आडपट्ट्यांची सावली व उजेडाचा असमानपणा वजा केला की 60 उरतात. पुढच्या 1000 शी त्यांची तुलना केली, तर लाभ सहा टक्के.

असमानपणाचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. पॅनेलमधील घट एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून ज्या घटाला सर्वांत कमी उजेड मिळतो तो बाकीच्यांनाही मागे खेचतो. आडपट्टी घटांच्या मधोमध पाठीमागून गेली, तर तिची सावली लहान दिसली तरी तोटा मोठा होतो. द्विमुखी पॅनेलच्या सांगाड्यात पट्ट्या चौकटीच्या कडेलगत असाव्यात. ही गोष्ट सांगाडा जोडण्याआधीच तपासावी. जोडल्यानंतर कोणी ती बदलत नाही. तसेच पॅनेलखालच्या मोकळ्या जागेत मोडकी बाके, रंगाचे डबे आणि गाद्या यांचा साठा हळूहळू वाढतो. एकदा तो वाढला की पाठीचा उजेड संपला.

उंची मिळाली नाही तर काय होते? पत्र्याच्या छपरावर पॅनेल वीतभर उंचीवर, छताला समांतर बसवतात. त्याखाली जवळजवळ अंधारच असतो. तेथे लाभ एक टक्क्याच्या आसपास धरावा.

आता एका निवासी शाळेच्या वसतिगृहाचा हिशेब मांडू. संच 10 किलोवॅटचा. महाराष्ट्रात त्यापासून वर्षाला साधारण 14,000 युनिट मिळतात. वीजदर 8 रुपये, आणि द्विमुखी पॅनेलची जादा किंमत वॅटमागे दीड रुपया, म्हणजे 15,000 रुपये, असे समजू. हे दर उदाहरणादाखल आहेत. आपल्या दरपत्रकातील आकडे त्या जागी घालावेत.

वसतिगृहाची सपाट गच्ची असेल आणि कपडे वाळवण्यासाठी सांगाडा उंच ठेवणे मुळातच ठरलेले असेल, तर सहा टक्के म्हणजे 840 युनिट, म्हणजेच वर्षाला 6,720 रुपये मिळतात. जादा खर्च सव्वादोन वर्षांत निघतो. हाच संच भोजनगृहाच्या पत्र्यावर बसवला, तर 140 युनिट, म्हणजे 1,120 रुपये. तेवढ्यासाठी तेरा वर्षांहून अधिक थांबावे लागेल.

पण परतफेडीच्या वर्षांपेक्षा अधिक नेमकी कसोटी दुसरीच आहे, आणि ती क्वचितच लावली जाते : तेवढीच वीज साधे जादा पॅनेल लावून किती खर्चात मिळाली असती? सहा टक्के लाभ म्हणजे 600 वॅटचे एक जादा पॅनेल. सांगाडा व तारेसह वॅटमागे 30 रुपये धरले तर त्याची किंमत 18,000. द्विमुखीसाठी 15,000 द्यावे लागत असतील तर सौदा ठीक आहे. परंतु केवळ पाठीला उजेड मिळावा म्हणून कोणी सांगाडा उंचावण्याचे आणखी 45,000 मागत असेल, तर नकार द्यावा. गच्चीवर जागा शिल्लक असताना 18,000 मध्ये मिळणारी वीज 60,000 ला घेण्यात अर्थ नाही. जागा संपलेली असेल तरच हा विचार बदलतो. काही ठिकाणी दोन्ही प्रकारांच्या किमतीत फरक जवळजवळ उरलेला नाही. तेथे द्विमुखी घ्यावे, मग लाभ एक टक्का का असेना. मात्र दोन काचांचे पॅनेल वजनाला जड असते, म्हणून जुन्या पत्र्याच्या कैच्या आधी अभियंत्याला दाखवाव्यात.

गच्ची पांढरी रंगवली तर लाभ सहावरून दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हजार चौरस फुटांना 20,000 रुपये लागले, तर वाढीव 560 युनिटांतून ते निघायला साडेचार वर्षे जातील आणि तोवर रंग धुळीने मळलेला असेल. विजेसाठी हा खर्च परवडत नाही. खालच्या खोल्या उन्हाळ्यात थंड राहाव्यात म्हणून रंगवणार असाल, तर वाढीव वीज वरकड समजावी.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. पॅनेलचे वॅट समोरच्या बाजूचेच मोजावेत. 540 वॅटचे पॅनेल मागचा लाभ धरून "600 चे" म्हणून विकले जात असेल, तर पैसे 540 चेच द्यावेत. दुसरे असे की मागच्या उजेडाने विद्युतदाब नव्हे तर प्रवाह वाढतो, म्हणून इन्व्हर्टरची प्रवाहमर्यादा त्या वाढीसह पुरते का, हे लेखी विचारावे.

संच बसल्यावर लाभ तपासताही येतो. निरभ्र दुपारी तंत्रज्ञाला एका रांगेचा प्रवाह चिमटा-मीटरने मोजायला सांगावे. मग त्या रांगेतील सर्व पॅनेलच्या पाठी काळ्या कापडाने झाकून लगेच पुन्हा मोजावे. आधी 13.8 अँपिअर आणि नंतर 13.0 आले, तर लाभ सहा टक्क्यांचा आहे. दोन्ही आकडे सारखेच आले, तर आधी पॅनेलखाली काय साठले आहे ते वाकून पाहावे.