शेजाऱ्यांचा आनंद आणि शेजाऱ्यांचा सल्ला



धर्मग्रामात बाळ जन्मल्याची बातमी कळली की आपण लगेच निरोप पाठवतो. पण अभिनंदनाच्या दुसऱ्याच वाक्यात आपला सल्ला सुरू होतो. असे का होते, हे पाहण्यासाठी आज संत लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडू या (वचने 57 ते 63).

अलीशिबेला उतारवयात मुलगा झाला. देवाने तिच्यावर मोठी दया केली हे ऐकून शेजारी व नातलग तिच्याबरोबर आनंदित झाले. आठव्या दिवशी मात्र तेच लोक बाळाला वडिलांचे नाव ठेवायला निघाले. आई म्हणाली, योहान. ते त्यांना पटेना. नात्यात या नावाचे कोणीच नव्हते. म्हणून त्यांनी मुक्या झालेल्या जखऱ्याला खुणेने विचारले. त्यानेही पाटीवर तेच नाव लिहिले. ही माणसे वाईट नव्हती. त्यांच्या आनंदाचा हक्क झाला आणि आईचा शब्द त्यांना अपुरा वाटला, एवढेच. आपल्या स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आरंभीच बाळाचे नाव विचारतात, ते आईवडिलांना, शेजाऱ्यांना नव्हे.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळच्या एका कुटुंबातील सुनेला वणीला माहेरी मुलगी झाली, शस्त्रक्रिया करून. आपल्या तोंडी सहज येते, "मुलगी का? असू द्या, पुढच्या वेळी मुलगा होईल. सीझर कशाला केलं? वरचं दूध देऊ नका." हे सारे मायेपोटीच येते, पण बाळंतिणीला त्यातून एवढेच ऐकू येते की आपले काहीतरी चुकले.

त्याऐवजी आपण असे लिहू शकतो:

"तुम्हा दोघांचे मनःपूर्वक अभिनंदन! तुमच्या लेकीच्या जन्माची बातमी ऐकून आम्हा सर्वांना फार आनंद झाला. रविवारच्या मिस्सात बाळासाठी व तिच्या आईसाठी प्रार्थना करू. उत्तर लिहिण्याची घाई नको. घरी परतल्यावर पहिल्या दिवशीचा संध्याकाळचा डबा आमच्याकडून. दारात देऊन जाऊ."

यात 'पण' नाही आणि प्रश्नही नाही. आईचा उल्लेख आहे, कारण बाळाच्या कौतुकात तिचा विसर पडतो. "काही लागलं तर सांगा" असे म्हटले की मागण्याचे ओझे त्यांच्यावर पडते. ठरलेला डबा ते ओझे उचलतो.

बाळ काचेच्या पेटीत असेल, तर "सगळं ठीक होईल" असे वचन देऊ नये. ते आपल्या हाती नाही. बाळ आल्याचा आनंद आणि प्रार्थना, एवढेच लिहावे.

सल्ला त्यांनी विचारला तर जरूर द्यावा. तोवर आपण अठ्ठावन्नाव्या वचनातले शेजारी राहू या.

विचारासाठी: आपण पाठवलेला शेवटचा निरोप आठवा. त्यात आनंद किती होता आणि सूचना किती?