छायाचित्रावरून मेदाचा अंदाज

माझा पुतण्या शिक्षणासाठी सदाशिव पेठेतील आमच्या घरी राहत असताना त्याने जवळच्या एका व्यायामशाळेत नाव घातले, आणि एके दिवशी व्यायाम आटोपताच तेथील आरशासमोर मोबाईलवर काढलेले स्वतःचे छायाचित्र तेथील शिक्षकाला दाखविले. मुलाचे वजन ६४ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, अंगलट सडपातळ, आणि छायाचित्रात पोटावरील स्नायूंच्या रेषा ठळक उमटलेल्या. तेव्हा अंगात चरबी फार तर दहा-बारा टक्के असेल, आता हात आखडता न घेता खावे म्हणजे अंग भरेल, असा निर्वाळा शिक्षकाने दिला. त्या सल्ल्याबरहुकूम खाणे वाढले, काही महिन्यांत वजन ७० किलोवर गेले, आणि कमरेचा घेर ८० सेंटिमीटरवरून ८८ वर आला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी डेक्सा तपासणीची तजवीज केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील मेद, अस्थी आणि उरलेले मेदरहित घटक निरनिराळे मोजणाऱ्या त्या तपासणीत मेदाचे प्रमाण २४ टक्के, म्हणजे जवळजवळ १७ किलो, निघाले.

या आकड्यांचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण त्यावरून पहिला अंदाज कितपत टिकणारा होता याची शहानिशा करता येते. वाढलेले सहाच्या सहा किलो निव्वळ मेदाचेच होते असे धरले, तरी आरंभी त्याच्या अंगात सुमारे ११ किलो मेद असलाच पाहिजे, आणि ६४ किलोंत ११ किलो म्हणजे १७ टक्के. वाढीचा निम्मा भाग स्नायूंचा होता असे मानले, तर आरंभीचे प्रमाण २१-२२ टक्क्यांपर्यंत जाते. नियमित व्यायाम आणि भरपूर आहार चालू असताना स्नायू झिजले असण्याचा संभव फारसा नाही. सारांश, हिशेब कितीही सवलतीने केला तरी दहा-बारा टक्क्यांचा तो निर्वाळा खरा ठरत नाही, आणि ज्या मुलाला मेद वाढू न देता शक्ती कमवावयाची होती, त्याला तो नेमक्या उलट वाटेने घेऊन गेला.

या फसगतीला तीन कारणे होती, आणि त्यांतले पहिले प्रकाशाचे. स्नायूंचा म्हणून जो उठाव छायाचित्रात दिसतो, तो वस्तुतः दोन स्नायूंमधील खळगीत पडलेल्या सावलीचा असतो. सिंहगडाच्या अंगावरील घळी सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात आणि ढगाळ दिवशी तोच डोंगर सपाट भासतो, तसाच प्रकार पोटाच्या बाबतीत होतो. त्या व्यायामशाळेतील दिवा आरशाच्या किंचित पुढे, छताला होता. त्याचा प्रकाश छाती-पोटावरून घसरत खाली येई आणि उथळ रेषाही गडद करी. मी त्याच मुलाला घरी, खिडकीकडे तोंड करून उभे केले आणि समोरून येणाऱ्या मंद उजेडात छायाचित्र घेतले, तेव्हा त्या रेषांचा मागमूसही राहिला नाही. पोट तेच होते, वजन तेच होते. फरक केवळ सावल्यांचा होता.

दुसरे कारण उभे राहण्याच्या ढबीचे. हात डोक्यामागे नेले की पोटावरची त्वचा आणि तिच्याखालचा मेदाचा थर वर ताणला जातो. श्वास सोडून पोट आत ओढले की कंबर बारीक दिसते. धड किंचित वळविले की बाजूचे स्नायू उठून येतात. शिवाय व्यायामानंतर लगेच स्नायूंत रक्त भरलेले असते, म्हणून ते फुगलेले दिसतात, आणि घामाच्या ओलसरपणाने त्वचा चकाकून उंचवट्यांवरचा उजेड व खळग्यांतली सावली यांच्यातील विरोध वाढतो. मोबाईल फार जवळ धरला, तर जवळचे अवयव मोठे आणि दूरचे लहान होतात, आणि छाती व कंबर यांचे परस्परप्रमाणच बिघडून जाते.

तिसरे कारण स्नायुसंभाराचे, आणि ते सर्वांत सूक्ष्म आहे, कारण निर्दोष प्रकाशात काढलेल्या छायाचित्रातही ते फसविते. मेदाची टक्केवारी हे एक गुणोत्तर आहे: १२ किलो मेद ८० किलोच्या पिळदार गड्याच्या अंगात १५ टक्के भरतो, पण तोच १२ किलो मेद ६० किलोच्या कृश माणसाच्या अंगात २० टक्के होतो. पाहणाराचा डोळा मात्र अंगलट पाहतो आणि हाडकुळ्या दंडांवरून मेद कमी असल्याचे परस्पर ठरवून मोकळा होतो. उलटपक्षी, ज्याचे पोटाचे स्नायू जाड आहेत, त्याच्या रेषा मेदाच्या बऱ्यापैकी थरातूनही दिसतात, आणि म्हणून त्याच्या मेदाचा अंदाज वास्तवापेक्षा कमी केला जातो. आतड्यांभोवती साठणारा मेद तर कोणत्याच छायाचित्रात थेट दिसत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला आमच्या पुण्याचाच आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३; दोघेही पाहणाऱ्यास सडपातळच वाटावेत; परंतु डेक्सा तपासणीत युडकिन यांचा मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के निघाला. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हा भाग त्यात आहेच. पण याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते, हेही दोघांनी नमूद केले. पुणे परिसरातील खेड्यांत याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी आढळली, आणि त्यांच्या स्नायूंची तूट मोठी असूनही पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजे कृश अंगातील मेद ही आपल्याकडे जन्मापासूनची गोष्ट असू शकते, आणि भरदार स्नायूंच्या परदेशी देहांची छायाचित्रे ओळीने मांडून केलेले टक्केवारीचे तक्ते आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू करणे रास्त नव्हे.

तरीही छायाचित्राचा उपयोग करावयाचाच असेल, तर तो असा करावा. सकाळी काही खाण्यापूर्वी, व्यायामाआधी, दर वेळी त्याच खोलीत आणि त्याच उजेडात उभे राहावे. मोबाईल नाभीच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर ठेवून समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. हात सैल सोडावेत आणि श्वास नेहमीचा चालू द्यावा. पाहताना वरच्या पोटावरील रेषांपेक्षा ओटीपोट, कमरेच्या बाजू आणि पाठीचा खालचा भाग यांकडे लक्ष द्यावे, कारण पुरुषांच्या बाबतीत हे भाग बहुधा शेवटी उतरतात. स्त्रियांच्या शरीरात मेदाचे प्रमाण स्वभावतःच अधिक असते, तेव्हा पुरुषांचे माप त्यांना लावू नये. अंदाज एका आकड्यात कधीही सांगू नये. निदान पाच-सहा टक्क्यांचा पल्ला ठेवावा, आणि दंड-मांड्या बारीक असून नाभीजवळ चिमटीत जाड वळी येत असेल, तर पल्ल्याच्या वरच्या टोकावर विश्वास ठेवावा.

छायाचित्राच्या जोडीला कमरेचा घेर फितीने मोजून तारीखवार लिहून ठेवावा. भारतीय पुरुषाच्या बाबतीत ९० आणि स्त्रीच्या बाबतीत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा समजतात. डेक्साच्या आकड्यातही एक-दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून पुनर्तपासणी त्याच यंत्रावर करावी. आणि आहार वाढवावा की घटवावा, हा निर्णय केवळ छायाचित्रावरून घेऊ नये: वजन वाढत असताना घेरही त्याच्या बरोबरीने वाढू लागला, की छायाचित्र काहीही सांगो, प्रथम ताटातील वाढ थांबवावी.