बिडाचा पार्ट आणि चिन्हांची भानगड

अगं, प्रश्न वाचूनच घाम फुटलाय ना तुला? बस इथे. आधी बीड कसं तुटतं ते बघू, मग कॅल्क्युलेटर.

बिडात ग्रॅफाइटच्या बारीक चकत्या पसरलेल्या असतात. ओढलं की त्या चिरांसारख्या उघडतात, म्हणून ताणात बीड फार लवकर हार मानतं. दाबलं की त्याच चिरा मिटतात आणि एकमेकींवर घासतात. त्या घासण्यामुळे दाबात बीड तिपटी-चौपटीने जास्त टिकतं. ‘अंतर्गत घर्षणाची थिअरी’ म्हणतात ती हीच, कूलॉम्ब आणि मोहर यांची. पोलादासारखी यील्ड होण्याची सोय इथे नाही, ते सरळ तुटतंच. त्यामुळे फॉन मिसेस बाजूला ठेव.

आता तुझा पार्ट. आखूड, पोकळ, बिडाचा नळा. वरून दाब आणि सोबत पीळ. बाहेरच्या पृष्ठभागावर उभ्या दिशेने १८० मेगापास्कल दाब, शिअर १२०. ताणातली ताकद २०० धर, दाबातली ७२०. मोहरचं वर्तुळ काढ. (माझ्या वहीत ते कायम बटाट्यासारखं यायचं, तरी उत्तर यायचं, तू काळजी करू नकोस.) मध्य −९० वर, त्रिज्या १५०. म्हणजे एक प्रिन्सिपल स्ट्रेस +६०, दुसरा −२४०.

इथे थांब आणि चिन्हं बघ. दोन्ही सारख्या चिन्हाचे असतील, तर रँकिन आणि कूलॉम्ब-मोहर या दोन्ही थिअरी एकच उत्तर देतात, कारण तिसरा स्ट्रेस शून्य असतो. तिथे उगाच पानं भरायची नाहीत. भांडण होतं ते एक ताण आणि एक दाब असला की, आणि तुझ्याकडे नेमकं तेच आहे.

मॅक्झिमम प्रिन्सिपल स्ट्रेसची थिअरी, म्हणजे रँकिनची, प्रत्येकाला वेगवेगळं विचारते. ताणाचं २००/६०, म्हणजे ३.३३. दाबाचं ७२०/२४०, म्हणजे ३. लहान तो घ्यायचा: फॅक्टर ऑफ सेफ्टी ३. तुला हवा होता २, म्हणजे खूश!

पण खरं सांगू का, ती खुशी फसवी आहे. रँकिनला दोघं एकाच वेळी काम करताहेत हे दिसतच नाही. कूलॉम्ब-मोहर दोघांचं ओझं एकत्र मोजते:

σ1/200 − σ3/720 = 1/n

६०/२०० म्हणजे ०.३. दुसरं पद −(−२४०)/७२०, म्हणजे अधिक ०.३३३. बेरीज ०.६३३, आणि n आला १.५८. तिथे तीन होता, इथे दीडच्या थोडा वर!

त्या दोन वजांकडे नीट बघ गं. −२४० चं चिन्ह विसरलीस तर बेरजेची वजाबाकी होते आणि n चक्क उणा येतो. आणि एक खूण लक्षात ठेव: कूलॉम्ब-मोहरचा फॅक्टर रँकिनपेक्षा मोठा कधीच येत नाही. आला, तर गडबड तुझ्या कागदावर आहे.

आता तू विचारशील, मग खरं कोण? नुसत्या पिळात कूलॉम्ब-मोहर म्हणते की बीड १५७ मेगापास्कलला तुटेल. प्रयोगात ते निदान २०० पर्यंत जातं, आणि खडू पिळल्यावर तुटतो तसं ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत तुटतं. म्हणजे तिथे रँकिन बरोबर आणि ही जरा घाबरट. पण दाब ताणापेक्षा मोठा झाला, तुझा चौपट आहे बघ, की रँकिनवर भरवसा ठेवायचा नाही. सुधारित मोहर थिअरी या दोघींच्या मधून जाते. तुझ्या आकड्यांना ती १.८२ देते. तीही दोनच्या खालीच, म्हणून निकाल बदलत नाही: पार्ट नापास.

मग करायचं काय? कूलॉम्ब-मोहरप्रमाणे दोन्ही स्ट्रेस साधारण चार-पंचमांशावर आणायचे. पटकन नळ्याची भिंत जाड करून मोकळी होऊ नकोस हं. जाड भिंत साच्यात हळू थंड होते, चकत्या मोठ्या होतात आणि ताकद उतरते. तुझे ते २०० मेगापास्कल वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटरच्या चाचणी-दांड्याचे आहेत, तुझ्या भिंतीचे नाहीत. त्यापेक्षा भिंत तेवढीच ठेव आणि बाहेरचा-आतला दोन्ही व्यास वाढव. पीळ त्यानेच जास्त उतरतो. आणि फाउंड्रीवाल्याला आधी विचार, या जाडीला ताकद किती धरू? तो सांगेल तो आकडा २०० च्या जागी घालून कूलॉम्ब-मोहर आणि सुधारित मोहर पुन्हा चालव.