कोड सांगायचा कधी, आणि कुणाला

आई, बाबा, नवा मोबाइल दारातून परत गेला त्याचा राग डिलिव्हरीच्या पोरावर काढू नका. हिंगोलीहून नरसीपर्यंत तो आला, नामदेव महाराजांच्या मंदिराची खूण विचारत घरही शोधलं. पण महाग वस्तूला कोड लागतो. तो टाकल्याशिवाय ‘माल पोचला’ अशी नोंदच त्याच्या मोबाइलमध्ये होत नाही. चहा-साबणाला हे लागत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही.

कोड आला माझ्या खात्याला, न्यू जर्सीत. तुमच्याकडे दुपारचा एक वाजला होता, इकडे पहाटेचे साडेतीन. पत्त्याखाली बाबांचा नंबर होताच, पण काही दुकानांत तो फक्त पोरानं फोन करण्यापुरता असतो आणि कोड खात्याच्या नंबरवर जातो. त्यातून इकडच्या नंबरवर भारतातले असे मेसेज कधी येतात, कधी येतच नाहीत. कोड ॲपमध्ये त्या ऑर्डरच्या पानावर मात्र बहुतेकदा दिसतो. तुमच्या सकाळी आठला माझे रात्रीचे साडेदहा होतात. माल गाडीत चढल्याची नोंद तोवर झाली, तर झोपण्याआधी कोड व्हॉट्सॲपवर टाकता येतो. नोंद तुमच्या अकरा वाजता झाली, तर मी घोरत असते.

म्हणून आता बाबांच्या नंबरावर वेगळं खातं उघडायचं. मागवीन मीच, पैसेही मीच भरीन. पैशाचा कोड मला येईल, तेव्हा मी जागीच असणार. मालाचा कोड येईल बाबांना. हे दोन कोड एकमेकांत मिसळले की चोराचं फावतं.

आई, तुला कुणी फोन करून म्हणेल, ‘मुलीनं पार्सल पाठवलंय, कोड सांगा.’ सांगायचा नाही. माणूस दारात हवा आणि खोकं डोळ्यांसमोर. उघडून दाखवायची सोय असेल तर आधी मोबाइल बघायचा, मग आकडे सांगायचे. तो म्हणाला, ‘आधी कोड, मग खोकं,’ तर खुशाल परत जाऊ दे. आणि मेसेज पूर्ण वाचायचा: त्यात बँकेचं नाव किंवा रुपयांची रक्कम दिसली, तर तो पार्सलचा नाहीच असं समजायचं. चुकून सांगितलाच, तर माझी वाट न बघता बँकेला आणि 1930 ला लगेच फोन करा. लाजून गप्प बसू नका, पैसे अडवायचे तर तेव्हाच अडतात.

आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला गावात पाय ठेवायला जागा नसते, त्या आठवड्यात मी काही मागवणार नाही. आणि बाबा, रिचार्ज संपला की काही दिवसांनी मेसेज येणंही बंद होतं. तारीख जवळ आली की मला सांगा, मी इथून टाकते.