तत्त्वांचा तोल : एका कुंडलीचा पडताळा

पत्रिकेतील तत्त्वांचा तोल कसा काढतात आणि तो कितपत भरवशाचा, हे दाखविण्यासाठी मी आपल्या कर्जत-खालापूर भागाला परिचित अशी एक जन्मतारीख घेतली आहे. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२ चा.

रीत सोपी आहे. मेषेपासून राशी क्रमाने अग्नी, पृथ्वी, वायू, जल अशा फिरतात. त्याच क्रमाने चर, स्थिर, द्विस्वभाव असेही फिरतात. चार आणि तीन यांचे गुणाकार बारा, म्हणून प्रत्येक जोडी एकदाच येते. मेष अग्नी-चर, वृषभ पृथ्वी-स्थिर, याप्रमाणे. लग्न सुमारे दोन तासांनी बदलते. जन्मवेळ हाताशी नसल्याने ते मी सोडले आणि सात ग्रहच मोजले.

चित्रापक्षीय निरयन गणिताने त्या दिवशी रवी व मंगळ वृश्चिकेत, चंद्र सिंहेत, बुध व शुक्र धनूत, शनी वृषभेत येतात. गुरू मात्र वृश्चिक-धनूच्या अगदी सांध्यावर आहे. त्याला वगळले तर अग्नी तीन, जल दोन, पृथ्वी एक, वायू शून्य. स्थिर चार, द्विस्वभाव दोन, चर शून्य. गुरू वृश्चिकेत धरला तर जल व अग्नी बरोबरीत येतात, धनूत धरला तर अग्नी चारवर जातो. अयनांशाच्या किंचित फरकाने तोल असा हलतो. म्हणून सांध्यावरचा ग्रह आधी हुडकावा.

आता अर्थ लावू. स्थिराचे आधिक्य म्हणजे हट्ट, चिकाटी. आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण देणारा पुरुष या वर्णनात चपखल बसतो. पण शून्याचे काय? चर म्हणजे पुढाकार, वायू म्हणजे विचार व वाणी. भाई तर वकील होते. शाळा व धान्यकोठ्या त्यांनी सुरू केल्या. जुळले ते मोजायचे आणि न जुळले ते सोडायचे, हा पडताळा नव्हे.

आणखी एक अडचण आहे. बुध रवीपासून सुमारे २८ अंशांपलीकडे व शुक्र ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून हे तिघे स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. त्याचे पृथ्वीतत्त्व त्या काळात जन्मलेल्या बहुतेक साऱ्यांचे. सायन मोजणीत शुक्र मकरेत जातो, आणि चराचा रिकामा रकानाही भरतो.

तेव्हा माझ्या मते हा तोल म्हणजे राशींची व्यवस्थित केलेली मोजदाद होय. माणसाची ओळख मात्र त्याच्या कार्यावरूनच करावी लागते.