तुरुंगातून वकिलास पत्र : अपिलाची मुदत आणि मजकूर

खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली म्हणजे सर्व दारे बंद झाली, असे समजून अनेक बंदी गप्प बसतात. काही जण पत्र लिहितात, पण चार पाने आपल्या निर्दोषपणाची कहाणी लिहून खटल्याचा क्रमांक मात्र विसरतात. अशा पत्रावरून वकिलास काहीच करता येत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क वेळेत मिळवायचा तर पत्र कसे असावे, हे आपण एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

प्रथम मुदत समजून घेऊ. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस मिळतात. फाशीची शिक्षा असल्यास ३० दिवसच मिळतात. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचे असल्यासही ३० दिवस. निकालाचा दिवस यात धरत नाहीत, आणि निकालपत्राची प्रमाणित नक्कल मिळविण्यास लागलेले दिवसही वगळले जातात.

आता पत्र पाहू.

“मा. वकीलसाहेब,
उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती, नागपूर यांजकडे,
मार्फत : अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह, अमरावती.
दि. २७ जानेवारी २०२५.

मी (नाव, बंदी क्रमांक). सत्र न्यायालयाने सत्र खटला क्र. (क्रमांक व वर्ष) मध्ये दि. ६ जानेवारी २०२५ रोजी मला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ खाली ७ वर्षे सक्तमजुरी व ५,००० रुपये दंड ठोठावला. दंड भरलेला नाही. दि. १६ ऑगस्ट २०२२ रोजी अटक झाल्यापासून मी सतत तुरुंगात आहे. नकलेचा अर्ज १३ जानेवारीस दिला, नक्कल २२ जानेवारीस तयार झाली व २४ जानेवारीस माझ्या हाती आली. ती सोबत जोडली आहे. मी अद्याप कोणतेही अपील केलेले नाही. सहआरोपी नाही.

साक्षीदार क्र. ३ ने उलटतपासणीत सांगितले की जागी अंधार होता व तो मला आधी ओळखत नव्हता. ओळख परेड झाली नाही. हत्यार जप्तीचा पंच फितूर झाला. या मुद्द्यांचा निकालपत्रात विचार नाही, असे मला वाटते.

कृपया माझ्यातर्फे अपील दाखल करावे, आणि अपील चालू असेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा अर्जही करावा. वकीलपत्रावर सही घेण्यासाठी व भेटीसाठी कोणास पाठवावे, ही विनंती.”

या पत्रातील तारखांचा हिशेब करून पाहा. ७ जानेवारी हा पहिला दिवस धरला तर ६० वा दिवस ७ मार्च येतो. नकलेचे १३ ते २२ जानेवारी असे १० दिवस वगळले की शेवटची तारीख १७ मार्च ठरते. नक्कल तयार झाल्यानंतर पडून राहिलेले दोन दिवस मिळतीलच असे मात्र धरू नये. शहाणपण यात आहे की ७ मार्च हीच अखेर समजून काम करावे. वाढीव १० दिवस अडचणीसाठी राखून ठेवावेत.

मुद्दे साक्षीपुराव्यातलेच का घेतले? कारण अपिलात सामान्यतः खालच्या न्यायालयातील नोंदींवरच विचार होतो. ‘मी निर्दोष आहे’ या वाक्यापेक्षा ‘साक्षीदार क्र. ३ असे म्हणाला’ हे वाक्य वकिलास अधिक उपयोगी पडते. पत्र तुरुंग कार्यालयातून जाते, हेही ध्यानात असावे. घटनेच्या दिवशी काय झाले याची नवी हकिकत पत्रात लिहू नये, ती वकिलास प्रत्यक्ष भेटीत सांगावी. तसेच तुरुंगामार्फत आधीच अपील पाठविले असेल तर तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर एकाच निकालावर दोन अपिले जाऊन घोटाळा होतो.

मुदत टळली तर? तरीही पत्र लिहावेच. अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यात उशिराचे कारण तारखांनिशी द्यावे लागते. ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढे पुरत नाही. नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, आजारी असल्यास रुग्णालयात कधी होतो, हे सांगावे लागते.

येथे १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल उपयोगी आहे. त्या प्रकरणात बंदी चार वर्षांहून अधिक उशिराने सर्वोच्च न्यायालयात आला होता. निकालाची प्रत आपणास मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि प्रत मिळाल्याची त्याची सही कागदपत्रांत नव्हती. न्यायालयाने सांगितले की तुरुंगवासाची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत विनामूल्य व वेळेत द्यावी, ती तुरुंगामार्फत दिल्यास बंद्याची लेखी पोच घ्यावी, आणि वकील देण्याची ऐपत नसल्यास अपिलासाठी वकील पुरवावा.

म्हणून नक्कल घेताना सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घालावी. सही येत नसल्यास अंगठ्याशेजारी तारीख लिहून घ्यावी. पत्र अधीक्षकांकडे देताना नोंदवहीतील जावक क्रमांक मागून घ्यावा, आणि भेटीस येणाऱ्या नातेवाइकाजवळ तो टिपून द्यावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाचा हवाला देऊन नातेवाइकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते, आणि तेथे अर्जास फी लागत नाही.