पैसे आले, पण कोणत्या बिलांचे?

आमच्या कापडाच्या धंद्यात पूर्वी चेक पोस्टाने येई, आणि बरोबर एक चिठ्ठी असे. अमुक बिलाचे इतके, वटाव इतका, दलाली इतकी वजा. मुनीमजी ती चिठ्ठी बघूनच खतावणीत जमा करत. आता रक्कम एनईएफटीने किंवा आरटीजीएसने येते. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून आणि आरटीजीएस 2020 च्या डिसेंबरपासून दिवसाचे चोवीस तास चालू आहे. पैसे रात्रीसुद्धा जमा होतात, पण ती चिठ्ठी मात्र येईनाशी झाली. बँकेच्या उताऱ्यावर एक रक्कम, अर्धवट छापलेले नाव आणि एक लांब क्रमांक, एवढेच हाती लागते. अशा वेळी खरेदीदाराला पत्र लिहून दोन गोष्टी मागाव्या लागतात. पहिली, ही रक्कम आपणच पाठवली काय, याची खातरजमा. दुसरी, ती कोणकोणत्या बिलांपोटी आहे आणि काय काय वजा केले, याचा तपशील. या तपशिलालाच पेमेंट अॅडव्हाइस म्हणतात. तो का मागायचा आणि कसा मागायचा, हे आज एका उदाहरणावरून पाहू.

समजा, भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने अहमदाबादच्या पार्टीला ग्रे कापड पाठवले. तीन बिले बाकी आहेत. 4 ऑगस्टचे बिल 118, मालाची किंमत 2,00,000 आणि 5 टक्के जीएसटी धरून 2,10,000 रुपये. 12 ऑगस्टचे बिल 124, माल 3,00,000 आणि कर धरून 3,15,000. 3 सप्टेंबरचे बिल 131, माल 1,80,000 आणि कर धरून 1,89,000. एकूण येणे 7,14,000 रुपये. ठरलेली शर्त अशी की पंधरा दिवसांत पैसे आले तर मालाच्या किमतीवर 1 टक्का वटाव, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. 15 सप्टेंबरला बँकेत 4,98,720 रुपये जमा झाले. चिठ्ठी नाही, फोन नाही.

आता बहुतेक दुकानांत काय होते? मुनीमजी जुनी बिले आधी धरतात. 118 आणि 124 मिळून 5,25,000. आले 4,98,720. म्हणजे 26,280 रुपये कमी आले! लगेच तगाद्याचा फोन जातो की शेठ, सव्वीस हजार का कापले? समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याने सव्वीस हजार कापलेलेच नाहीत. दोन्हीकडे आवाज चढतो आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार कडू होतो.

खरी हकीगत वेगळी होती. पार्टीने बिल 118 ला हातच लावला नव्हता, कारण त्यातला काही माल डागी निघाल्याची त्यांची तक्रार होती आणि ती दलालाकडेच अडकून राहिली होती. त्यांनी 124 आणि 131 ही दोन बिले चुकवली होती. त्यांची बेरीज 5,04,000. मालाच्या 4,80,000 किमतीवर 1 टक्का वटाव म्हणून 4,800 वजा, आणि 0.1 टक्का टीडीएस म्हणून 480 वजा. राहिले बरोबर 4,98,720.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही रीतींनी एकूण बाकी 2,15,280 रुपयेच निघते. पहिल्या रीतीने 26,280 अधिक बिल 131 चे 1,89,000. दुसऱ्या रीतीने बिल 118 चे 2,10,000 अधिक वटाव 4,800 अधिक टीडीएस 480. बेरीज जुळते म्हणून खाते बरोबर आहे असे वाटते, आणि म्हणूनच ही गफलत महिनोन् महिने कोणाच्या नजरेला येत नाही. नुसती बाकी जुळणे म्हणजे हिशेब जुळणे नव्हे. बिलवार जुळले पाहिजे.

म्हणून रक्कम आली की ती आधी पार्टीच्या खात्यात 'ऑन अकाउंट' जमा करावी, कोणत्याही बिलापुढे खूण करू नये, आणि त्याच दिवशी पत्र लिहावे. पत्राचा मजकूर असा असावा:

"मान्यवर शेठजी, स. न. वि. वि. दिनांक 15 सप्टेंबर रोजी आमच्या बँक खात्यात रुपये 4,98,720 जमा झाले आहेत. बँकेच्या उताऱ्यावरील पूर्ण यूटीआर क्रमांक व पाठवणाऱ्याचे नाव खाली दिले आहे. ही रक्कम आपल्याच पेढीकडून आली आहे, हे कृपया कळवावे. तसेच ती कोणत्या बिलांपोटी आहे, प्रत्येक बिलातून वटाव, टीडीएस, दरफरक, डागी माल वा अन्य कारणाने किती वजा केले, याचा तपशील सही करून पाठवावा. तपशील येईपर्यंत रक्कम आपल्या खात्यात ऑन अकाउंट जमा ठेवली आहे. सात दिवसांत तपशील न आल्यास ती सर्वात जुन्या येणे बिलापासून जमा धरू. आपला विश्वासू."

मजकूर हिंदीत किंवा गुजरातीत लिहिला तरी चालेल. समोरच्या मुनीमजींना वाचता येईल ती भाषा चांगली. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, यूटीआर क्रमांक पूर्ण लिहावा. हा क्रमांक म्हणजे त्या एका व्यवहाराची ओळख असते. एनईएफटीचा साधारण 16 अक्षरांचा आणि आरटीजीएसचा 22 अक्षरांचा असतो. समोरचा आपल्या बँकेच्या उताऱ्यात तोच क्रमांक शोधतो आणि लगेच सापडतो. नुसती तारीख आणि रक्कम लिहिली तर शोधायला वेळ लागतो, आणि मोठ्या पेढीत ते पत्र बाजूला पडते. पाठवणाऱ्याचे नावही उताऱ्यावर असेल तसेच लिहावे. पुष्कळदा माल एका पेढीने घेतलेला असतो आणि पैसे भावाच्या पेढीतून किंवा आडत्याच्या खात्यातून येतात. आडत्याच्या एका रकमेत दोन-तीन पार्ट्यांचे पैसेही असू शकतात. खातरजमा केल्याशिवाय जमा केले तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात.

दुसरी, आपला अंदाज पत्रात लिहू नये. 'हे 118 आणि 124 चे असावेत' असे लिहिले की समोरचा मुनीम कामाच्या गडबडीत 'होय' म्हणून मोकळा होतो, आणि चुकीवर मोहर बसते. प्रश्न मोकळा ठेवावा.

तिसरी, या पत्रात बाकीचा तगादा घालू नये. तगादा दिसला की पत्र शेठच्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते. नुसता तपशील मागितला तर मुनीमच उत्तर देतो. आपल्या बँक खात्यात काही बदल असेल तर तोही या पत्रात कळवू नये. खाते बदलल्याची खोटी पत्रे पाठवून पैसे लुबाडण्याचे प्रकार होतात, म्हणून अशी गोष्ट वेगळी, ओळखीच्या नंबरावर बोलूनच पक्की करावी.

आता तपशील आल्यावर काय करायचे, ते आपल्या उदाहरणात पाहू. बिल 131 चे पैसे बाराव्या दिवशी आले, म्हणून 1,800 रुपये वटाव शर्तीप्रमाणे मंजूर. बिल 124 चे पैसे चौतिसाव्या दिवशी आले, म्हणून त्यावरचा 3,000 वटाव नामंजूर. तो मागता येतो आणि आता कारणासह मागता येतो. टीडीएसचे 480 रुपये बुडालेले नाहीत. 1 जुलै 2021 पासून, ज्या खरेदीदाराची मागील वर्षाची उलाढाल 10 कोटींच्या वर आहे, त्याने एका विक्रेत्याकडून वर्षात 50 लाखांपुढे घेतलेल्या मालावर हा कर कापायचा आहे. ते 480 आपल्या नावावर सरकारात जमा व्हायचे असतात. तेव्हा ते पार्टीकडे मागू नयेत. टीडीएसच्या खात्यात लिहून ठेवावेत आणि त्या तिमाहीनंतर आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या पॅनपुढे दिसतात काय, ते तपासावे. तिथे न दिसले तर मात्र पार्टीला जरूर विचारावे.

राहिले बिल 118. तपशिलामुळेच कळले की 5,000 मीटरपैकी 400 मीटर माल डागी असल्याची तक्रार आहे. तपासणीत ती खरी निघाली तर 40 रुपये भावाने 16,000 आणि जीएसटीचे 800, अशी 16,800 ची क्रेडिट नोट द्यावी. मग खरे येणे उरते 1,96,200 रुपये, आणि त्यातून पार्टी बिल 118 चा टीडीएस कापील तेवढाच वजा होईल. सव्वीस हजारांचे भांडण कुठेच उरत नाही. उलट जे दोन लाख मुकाट्याने अडकले होते, ते मोकळे व्हायची वाट सापडते.

पत्रात सात दिवसांची ओळ का, असे कोणी विचारील. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 59 ते 61 याच विषयाची आहेत. देणेकऱ्याने पैसे देताना अमुक देण्यापोटी असे सांगितले, किंवा परिस्थितीवरून तसे स्पष्ट दिसले, तर घेणाऱ्याने ते तिथेच जमा केले पाहिजेत. मागितलेल्या एका बिलाएवढीच अचूक रक्कम आली, तर तीही अशीच खूण समजतात. देणेकऱ्याने काहीच सांगितले नाही, तर कोणत्या येणे रकमेत जमा करायचे ते घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवले नाही, तर तारखेच्या क्रमाने जुन्या देण्यात जमा होते. म्हणजे आपण विचारले, मुदत दिली आणि नंतर काय केले ते लेखी कळवले, तर पुढे 'आम्ही ते बिल केव्हाच चुकवले' असे म्हणायला वाव फार कमी राहतो.

सहीचा आग्रह का, तेही सांगतो. उधारीचा दावा साधारणपणे रक्कम येणे झाल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. 1963 च्या मुदत कायद्यातील कलम 19 प्रमाणे, त्या 3 वर्षांच्या आत देण्यापोटी काही रक्कम दिली तर मुदत नव्याने सुरू होते. पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने लेखी असली पाहिजे. बँकेच्या उताऱ्यावर रक्कम दिसते, पार्टीची सही दिसत नाही. सही केलेला तपशील ही उणीव भरून काढतो. म्हणून तो आला की संबंधित बिलांच्या स्थळप्रतीला आणि बँकेच्या उताऱ्याच्या त्या पानाला जोडून ठेवावा. वर्षअखेरीस बाकी कबूल करून घेताना पार्टीशी बोलणे मग याच कागदांवरून करावे.